साडेसातीतला शनी आणि उच्चीचा गुरू : अष्टकवर्गाच्या बिंदूंवरून गोचर कसं वाचायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बिंदू म्हणजे नेमकं काय?

बिंदू म्हणजे मत. आकाशातून फिरणारा ग्रह एखाद्या राशीत येतो तेव्हा त्याला तिथे कोणाकोणाचा पाठिंबा आहे, हे अष्टकवर्गात मोजतात. मत देणारे आठ जण असतात : तुमच्या जन्मपत्रिकेतले रवी ते शनी हे सात ग्रह आणि आठवं लग्न. प्रत्येक जण स्वतःच्या जागेपासून घरं मोजतो आणि ठरावीक घरांसाठीच बिंदू देतो. त्यामुळे एका ग्रहाला एका राशीत शून्य ते आठ बिंदू मिळू शकतात. राहू-केतूंना यात मत नाही आणि त्यांचं स्वतंत्र कोष्टकही नाही.

एका ग्रहाचं बारा राशींतलं कोष्टक म्हणजे त्याचा भिन्नाष्टकवर्ग. सातही ग्रहांचे बिंदू राशीनुसार एकत्र केले की सर्वाष्टकवर्ग तयार होतो. पहिल्यावरून येणाऱ्या पाहुण्याची पत कळते, दुसऱ्यावरून ज्या घरात तो उतरणार त्या घराची ऐपत. गोचर पाहताना हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून वाचायचे असतात, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

माझी रास मेष आहे. साडेसाती सुरू झाली. अष्टकवर्ग यात वेगळं काय सांगतो?

शनी २९ मार्च २०२५ रोजी मीन राशीत आला, तेव्हापासून मेष राशीला साडेसाती लागली. पण ‘मेष रास’ म्हटलं की फक्त चंद्राची जागा कळते, आणि आठ मतांपैकी चंद्राचं मत एकच असतं. बाकीची सात मतं प्रत्येकाच्या पत्रिकेत वेगळी पडतात.

एक पत्रिका प्रत्यक्ष मांडून पाहू. २१ ऑगस्ट २००० ची पहाट, तीनच्या सुमाराची वेळ, महाराष्ट्रातलं ठिकाण. लग्न मिथुन. चंद्र मेषेत, गुरू आणि शनी दोघेही वृषभेत, मंगळ कर्केत, आणि रवी, बुध, शुक्र सिंहेत. ही पत्रिका मी कोणा ओळखीच्याची घेतलेली नाही, त्या दिवशीचं आकाश तसं होतं एवढंच.

आता मीनेतल्या शनीला यातलं कोण मत देतं ते पाहू. रवी शनीला स्वतःपासून १, २, ४, ७, ८, १० आणि ११ या घरांत बिंदू देतो. सिंहेपासून मीन आठवी, म्हणजे रवीचा बिंदू मिळाला. चंद्र फक्त ३, ६ आणि ११ ला देतो. मेषेपासून मीन बारावी, म्हणून चंद्राचा नाही. मंगळ ३, ५, ६, १०, ११, १२ ला देतो. कर्केपासून मीन नववी, तोही नाही. बुध ६ आणि मग ८ ते १२ ला देतो. सिंहेपासून आठवी, मिळाला. गुरू ५, ६, ११, १२ ला देतो. वृषभेपासून अकरावी, मिळाला. शुक्र ६, ११, १२ ला देतो. सिंहेपासून आठवी, नाही. जन्मशनी ३, ५, ६, ११ ला देतो. वृषभेपासून अकरावी, मिळाला. शेवटी लग्न, जे १, ३, ४, ६, १०, ११ ला देतं. मिथुनेपासून मीन दहावी, मिळाला.

आठपैकी पाच. रवी, बुध, गुरू, शनी आणि लग्न हे बाजूने, तर चंद्र, मंगळ, शुक्र नाहीत.

याच रीतीने शनी आधीच्या राशीत, म्हणजे कुंभेत, असतानाचा आकडा काढला तर तो येतो फक्त दोन. जानेवारी २०२३ पासून मार्च २०२५ पर्यंत शनी कुंभेत होता. कुंभ ही मेषेपासून अकरावी, आणि चंद्रापासून अकरावा शनी गोचरात उत्तम मानतात. म्हणजे फक्त रास पाहिली तर या व्यक्तीचा चांगला काळ संपून वाईट सुरू झाला असं कोणीही सांगेल. बिंदू उलट सांगतात : दोनावर असलेला शनी आता पाचावर आला आहे.

म्हणजे साडेसाती खोटी?

मी तसं म्हणणार नाही, आणि त्याचं कारण कोष्टकातच आहे. चंद्र शनीला बिंदू देतो तो स्वतःपासून तिसऱ्या, सहाव्या आणि अकराव्या घरातच. साडेसातीची घरं बारावं, पहिलं आणि दुसरं. त्यामुळे साडेसातीत चंद्राचा बिंदू कोणाच्याही पत्रिकेत, कधीही मिळत नाही. चंद्र म्हणजे मन. साडेसातीत मनावर ओझं राहतं असं आपले जुने लोक सांगत आले, आणि कोष्टकात ते असं दिसतं की बाकी सगळे बाजूने उभे राहिले तरी मनाचं मत मिळत नाही. साडेसातीतल्या शनीला कमाल सात बिंदू मिळू शकतात, आठ कधीच नाहीत.

म्हणून वरच्या पत्रिकेबद्दल मी असं सांगेन : काम होईल, पद टिकेल, कदाचित वाढेलही, पण त्यातलं समाधान हाती लागायला वेळ लागेल. मीन ही मिथुन लग्नाला दहावी, म्हणजे कर्मस्थान. मताला उभे कोण राहिले ते पाहा : अधिकाराचा रवी, हिशेबाचा बुध, जाणकार वडीलधाऱ्यांचा गुरू. मत न देणारे तिघे म्हणजे मन, हातपाय झोडून काम रेटणारा मंगळ आणि सुखाचा शुक्र. निव्वळ पाच या आकड्यापेक्षा ही नावं मला जास्त सांगून जातात.

किती बिंदू म्हणजे चांगले? सगळे म्हणतात चारच्या वर चांगले.

चार हा आठाचा अर्धा म्हणून तो नियम सोयीचा वाटतो. पण सगळ्या ग्रहांना सारखे बिंदू वाटलेलेच नाहीत. रवीच्या कोष्टकात एकूण ४८ बिंदू असतात, चंद्राच्या ४९, मंगळाच्या ३९, बुधाच्या ५४, गुरूच्या ५६, शुक्राच्या ५२ आणि शनीच्या ३९. पत्रिका कोणाचीही असो, या बेरजा बदलत नाहीत. बिंदू कुठल्या राशीत पडतात, तेवढंच बदलतं.

आता शनीचे ३९ बारा राशींत वाटले तर सरासरी सव्वातीन येते. गुरूचे ५६ वाटले तर पावणेपाचाच्या थोडी खाली. म्हणजे शनीला चार मिळाले तर तो त्याच्या नेहमीच्या मानाने वर आहे आणि गुरूला चार मिळाले तर तो खाली आहे. दोन्हीकडे आकडा चारच, अर्थ मात्र उलटा. हे एकदा लक्षात आलं की अष्टकवर्गाचं अर्धं वाचन सुधारतं.

सर्वाष्टकवर्गाची एकूण बेरीज ३३७. बारांनी भागली की अठ्ठावीस. एखाद्या राशीत तिसाच्या वर बिंदू असतील तर ते घर भरलेलं समजा. पंचवीसच्या खाली असतील तर तिथे येणाऱ्या चांगल्या ग्रहालाही हात आखडता घ्यावा लागतो.

दोन्ही आकडे एकत्र कसे वाचायचे?

त्याच पत्रिकेत मीनेला सर्वाष्टकवर्गात किती मिळतात ते पाहू. रवीच्या कोष्टकातून ५, चंद्राच्या ६, मंगळाच्या ४, बुधाच्या ५, गुरूच्या ३, शुक्राच्या ६ आणि शनीच्या ५. एकूण ३४. घर भरलेलं आणि येणारा शनीही पाच बिंदूंचा. शनी अशा घरात आला की कष्ट करवून घेतो, पण त्या कष्टाचं मोल देतो. दहाव्या घराला हे गोचर बळ देणारं आहे.

आता गुरूकडे वळू. २ जून २०२६ रोजी गुरू कर्केत जातो आणि ऑक्टोबरअखेरपर्यंत तिथे असतो. कर्क ही गुरूची उच्च रास. बारा वर्षांनी येणारा हा योग, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळीकडे आशेनं बोललं जातं. या पत्रिकेत कर्क दुसरं घर आहे, धनाचं आणि कुटुंबाचं. मनात लगेच येतं की पैसा येणार.

कोष्टक पाहा. कर्केत गुरूला चार बिंदू आहेत, मंगळ, गुरू, शनी आणि लग्न यांचे. गुरूच्या मानाने चार म्हणजे कमी. आणि घराची ऐपत? रवीच्या कोष्टकातून ३, चंद्राच्या फक्त १, मंगळाच्या २, बुधाच्या ५, गुरूच्या ४, शुक्राच्या ४, शनीच्या ३. एकूण २२. धनस्थान रिकामं आहे, उच्चीचा गुरू आला तरी. गुरू वाईट करत नाही, पण तो वाढवायला येतो आणि वाढवायला तिथे मुद्दल नाही. असा काळ मी ‘येणं दिसेल, राहणं कठीण’ असा वाचतो. त्या पाच महिन्यांत उसनवारी किंवा कोणाला जामीन राहणं टाळावं, असं स्पष्ट सांगतो.

ज्याची भीती घातली जाते तो शनी ३४ च्या घरात पाच बिंदूंनी बसला आहे, आणि ज्याची वाट पाहिली जाते तो गुरू २२ च्या घरात चार बिंदूंनी येतो आहे. फक्त राशिभविष्य वाचून हे कधी कळलं नसतं.

घर भरलेलं पण ग्रहाला बिंदू कमी असतील तर त्या विषयात वरून त्रास होतो, पाया हलत नाही. ग्रहाला बिंदू भरपूर पण घर कमी बिंदूंचं असेल तर तात्पुरता दिलासा मिळतो. या दोन मधल्या स्थितींबद्दल मी याहून ठाम बोलत नाही.

शनी एका राशीत अडीच वर्षं असतो. अडीच वर्षं सारखीच जातात का?

नाही, आणि त्यासाठी कक्षा पाहतात. राशीच्या तीस अंशांचे आठ भाग करायचे, प्रत्येक पावणेचार अंशांचा. त्यांचे स्वामी क्रमाने शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र आणि लग्न. हा क्रम ग्रहांच्या गतीचा आहे, सर्वांत मंद पहिला. गोचर ग्रह ज्याच्या कक्षेत असेल त्याने त्या राशीत बिंदू दिलेला आहे का, एवढंच तपासायचं. दिला असेल तर तो तुकडा सुसह्य, नसेल तर अडचणीचा.

आपल्या पत्रिकेत मीनेत मंगळाचा बिंदू नाही. मंगळाची कक्षा साडेसात अंशांपासून सव्वाअकरा अंशांपर्यंत. जुलै २०२५ मध्ये शनी पावणेआठ अंशांच्या आसपास वक्री झाला, म्हणजे या कक्षेचा उंबरठा जेमतेम ओलांडून मागे फिरला. पुन्हा तिथे पोचला तो फेब्रुवारी २०२६ च्या अखेरीस, आणि मार्चअखेर बाहेर पडला. मीनेत आल्यानंतरचं २०२५ चं जवळजवळ सगळं वर्ष शनी-गुरूच्या बिंदूवाल्या कक्षांत गेलं आणि अडला तो २०२६ चा मार्च महिना.

इथे एक चूक फार होते. शनीची सरासरी गती धरून लोक प्रत्येक कक्षेला एकशे बारा दिवस देतात आणि तारखा लिहून मोकळे होतात. मंगळाची ही कक्षा शनीने त्या खेपेला महिन्याभरात ओलांडली. शुक्राची कक्षा मात्र, जिथे या पत्रिकेत बिंदू नाही, तो तीनदा चालतो : २०२६ च्या उन्हाळ्यात सरळ, पावसाळा संपताना वक्री आणि २०२७ च्या सुरुवातीला पुन्हा सरळ. एकच अडचण तीनदा दारात येते ती अशी. त्यामुळे पंचांगातले रोजचे अंश पाहिल्याशिवाय कक्षेच्या तारखा कोणाला देऊ नयेत.

जन्मवेळ थोडी चुकली तर किती फरक पडतो?

लग्न बदललं नाही तर काहीच नाही, कारण बिंदू राशीवरून मोजतात, अंशावरून नाही. लग्न बदललं तर दोन गोष्टी बदलतात, आणि दुसरी जास्त मोठी आहे. त्याच २१ ऑगस्टला सूर्योदयाच्या वेळी जन्मलेलं मूल घ्या. ग्रहांच्या राशी सगळ्या त्याच, लग्न सिंह. सिंहेपासून मीन आठवी. लग्न शनीला आठव्यात बिंदू देत नाही, म्हणून पाचाचे चार झाले. पण त्याहून महत्त्वाचं हे की पहिल्याच्या दहाव्यात असलेला शनी याच्या अष्टमात आला. एकाच दिवशी, एकाच राशीवर, तीन तासांच्या अंतराने जन्मलेले दोघे. एकाचा शनी नोकरीत काम वाढवतो, दुसऱ्याचा वारसा, कर्ज आणि दुखण्यांच्या घरात बसतो.

चंद्र राशीच्या कडेला असेल तरीही वेळ नीट तपासा. आणि कुठलं पंचांग वापरता तेही. टिळक पंचांगाचे रैवत अयनांश आणि बहुतेक पंचांगांचे चित्रा अयनांश यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. ग्रह चित्रापक्षाने राशीच्या सत्ताविसाव्या अंशावर असेल तर टिळक पंचांगात तो पुढच्या राशीत गेलेला दिसतो आणि त्याची सगळी मतं एकेक घर सरकतात. जन्मपत्रिका एका पक्षाची आणि गोचर दुसऱ्याचं, असं मिश्रण अजिबात करू नका.

दोन ॲपमध्ये दोन वेगळे आकडे येतात. कोणता खरा?

आधी बेरीज करा. शनीच्या बारा राशींची बेरीज ३९ आली पाहिजे आणि सर्वाष्टकवर्गाची ३३७.

शनीची बेरीज ५७ आली तर तुमच्यासमोर अशुभांचं कोष्टक आहे. आठ मतं गुणिले बारा राशी म्हणजे ९६, त्यातून ३९ गेले की ५७. सर्वाष्टकवर्गाची अशीच उलट बेरीज ३३५ येते. ३३७ आणि ३३५ इतके जवळचे आकडे आहेत की घाईत फरक लक्षातच येत नाही. हा घोळ परंपरेतूनच आला आहे : काही ग्रंथांत शुभाला रेखा आणि अशुभाला बिंदू म्हणतात, तर काहींत बरोबर उलट. मी शिकत होतो तेव्हा एका जुन्या वहीतली कोष्टकं अशीच उलटी वाचली आणि एका बाईंना त्यांच्या मुलाच्या लग्नाचं वर्ष सर्वांत वाईट वर्ष म्हणून सांगितलं. त्या वर्षभर धास्तावून होत्या. त्यानंतर आजतागायत बेरीज केल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

बेरीज ३८६ आली तर त्यात लग्नाचा स्वतःचा अष्टकवर्गही मिळवला आहे. त्याचे ४९ असतात. तो वजा करून मग अठ्ठावीसची सरासरी लावा, नाहीतर प्रत्येक घर भरलेलं दिसेल.

आणि आकडे फारच लहान असतील, कितीतरी राशींत शून्य असेल, तर ते त्रिकोण शोधन आणि एकाधिपत्य शोधन झाल्यानंतरचे आहेत. हे शोधन पिंड काढण्यासाठी आणि आयुर्दायाच्या गणितासाठी करतात. इथे सांगितलेल्या गोचर वाचनाला शोधनाआधीचे, मूळ बिंदूच लागतात.

चंद्र, रवी, बुध यांचं रोजचं गोचरही असंच पाहायचं का?

पाहता येतं. रवीचं महिन्याला एकदा पाहणं ठीक आहे. चंद्र सव्वादोन दिवसांत रास बदलतो, त्याच्यामागे लागलात तर दिवसभर कोष्टकच पाहत बसाल. मी शनी आणि गुरू एवढेच नीट पाहतो.

बिंदू चांगले असूनही काहीच घडलं नाही, असं का होतं?

बहुतेक वेळा दशा वेगळी चालू असते. गोचर दार उघडतं, पण जन्मपत्रिकेत ती गोष्ट असावी लागते आणि दशेने ती वर आणावी लागते. वरच्या पत्रिकेत शनी पाच बिंदूंचा असला तरी चालू महादशेचा स्वामी दशमाशी काही संबंध ठेवत नसेल तर वाढ म्हणजे नुसती वाढलेली कामं असू शकतात. बिंदू किती जोराने हे सांगतात, कोणती घटना हे सांगत नाहीत. तीन बिंदू आहेत म्हणून नोकरी जाईल असं कोणी ठामपणे सांगितलं तर ते त्याच्या मनातलं आहे, कोष्टकातलं नाही.

याला शास्त्रीय पुरावा आहे का?

नाही. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक चाचणी घेतली होती. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना वेगळ्या करायला दिल्या. प्रत्येकाला चाळीस. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के आलं, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं तेवढंच. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ती चाचणी अष्टकवर्गाची नव्हती, पण अष्टकवर्गाला ती लागू नाही असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. मी ही विद्या परंपरा म्हणून, शिस्तीने करतो. औषध, शस्त्रक्रिया, परीक्षा, कोर्टाची तारीख यांतलं काहीही बिंदूंसाठी पुढे ढकलू देत नाही.

या पत्रिकेला पुढे काय?

शनी जून २०२७ मध्ये मेषेत जाईल, वक्री होऊन ऑक्टोबरमध्ये मीनेत परतेल आणि फेब्रुवारी २०२८ मध्ये पुन्हा मेषेत जाईल. मेषेत त्याला चार बिंदू आहेत, मंगळ, बुध, गुरू आणि लग्न यांचे, आणि घराला ३२. हे अकरावं घर, लाभाचं. त्यानंतर वृषभेत बिंदू तीन आणि घराला २९, आणि ते घर बारावं, खर्चाचं. पाच, चार, तीन. या व्यक्तीच्या साडेसातीची वाट अशी उतरती आहे, लोक समजतात तशी मधल्या टप्प्यात सर्वांत कठीण नाही. जे साठवायचं ते मीन आणि मेषेच्या काळात साठवावं, आणि वृषभेतल्या शनीसाठी हात थोडा राखून ठेवावा.